ब्युरेटच्या वाचनांचा तक्ता फोटोबरोबरच गेला असेल, तर टायट्रेशनचे गणित कुठवर सुटते?

टायट्रेशनच्या गणितांत एक अडचण वारंवार येते. प्रश्नाचा मजकूर व्यवस्थित टाइप केलेला असतो, वजन, आकारमान आणि पदार्थांची नावे दिलेली असतात, शेवटी उत्तरही छापलेले असते. मात्र मधले "ब्युरेटची वाचने खालील तक्त्याप्रमाणे" हे वाक्य मोकळेच राहते, कारण तक्ता फोटोत होता आणि तो फोटो आता काढून टाकलेला आहे. अशा वेळी सोडवणारे दोनपैकी एक चूक करतात. काहीजण गणित सुटणारच नाही असे मानून ते सोडून देतात, तर काहीजण मनाने १०.० मिली धरून पुढे जातात आणि उत्तर जुळले नाही की मोल संकल्पनेतच आपले काहीतरी बिघडले आहे असे समजतात.

या गणिताला त्या तक्त्यातून हवी असते ती एकच संख्या. तक्त्यात तीन ओळी आणि चार रकाने असले, तरी सुरुवातीचे वाचन, अखेरचे वाचन आणि त्यांतील फरक यांतून शेवटी ब्युरेटचे एक स्थिर वाचन निघते आणि गणितात तेवढेच जाते. बाकी सर्व मजकुरातच असते. त्यामुळे शेवटच्या भागाकारापर्यंतचे सर्व काम तक्त्याशिवाय पूर्ण करावे, गेलेल्या संख्येच्या जागी V ठेवावा, आणि त्यानंतरच V ठरवता येतो का हे पाहावे. कधी तो नेमका ठरतो, कधी ठरत नाही. दोन्हींपैकी कोणती स्थिती आहे हे ओळखता येते, आणि ते कसे ओळखायचे हे पुढे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण

प्रश्न असा आहे असे समजा: "१.५७६ ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल, H2C2O4·2H2O, पाण्यात विरघळवून द्रावण २५० मिलीपर्यंत भरले. त्यातील १० मिली द्रावण पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घेऊन त्यात विरल सल्फ्यूरिक आम्ल घातले, ते ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि ब्युरेटमधील पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने टायट्रेट केले. ब्युरेटची वाचने तक्त्यात दिली आहेत. परमँगनेटच्या द्रावणाची मोलॅरिटी काढा. उत्तर: ०.०१९२ M."

तक्ता नाही. प्रथम जे पक्के आहे ते करून घेऊ. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लाचे मोलर वस्तुमान १२६.०७ आहे, म्हणून १.५७६ ग्रॅममध्ये ०.०१२५० मोल आहेत. ते २५० मिलीमध्ये पसरले आहेत, म्हणजे द्रावण ०.०५०० M आहे. पिपेटने घेतलेल्या १० मिलीमध्ये ०.५०० मिलिमोल ऑक्झॅलिक आम्ल आले. येथे मोलऐवजी मिलिमोल वापरणे सोयीचे पडते, कारण मोलॅरिटीला मिलीने गुणले की थेट मिलिमोल मिळतात आणि हजाराने भागण्या-गुणण्याची चूक होण्याची जागाच राहत नाही.

आता अभिक्रिया पाहू.

```
2 MnO4^-  +  5 C2O4^2-  +  16 H^+  ->  2 Mn^2+  +  10 CO2  +  8 H2O
```

ऑक्झॅलेटचे पाच मोल संपवायला परमँगनेटचे दोन मोल लागतात. म्हणून ०.५०० मिलिमोल ऑक्झॅलेटला ०.२०० मिलिमोल परमँगनेट लागेल. हे प्रमाण उलटे धरले जाऊ नये म्हणून इलेक्ट्रॉन मोजून पडताळा घ्यावा. प्रत्येक ऑक्झॅलेट दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे ०.५०० मिलिमोलमधून १.०० मिलिमोल इलेक्ट्रॉन सुटतात. प्रत्येक परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून त्याचे ०.२०० मिलिमोल पुरेसे होतात. दोन वेगळ्या वाटांनी तीच संख्या आली, तेव्हा येथपर्यंतचे काम बरोबर आहे असे समजायला हरकत नाही.

हे ०.२०० मिलिमोल परमँगनेट ब्युरेटमधून V मिली द्रावणातून आले. म्हणून

```
मोलॅरिटी = ०.२०० / V
```

इथवर आलो आणि तक्त्याची गरज अजून पडलेली नाही. प्रश्नासोबत उत्तर दिलेले नसते, तर माझ्या मते हेच पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर ठरले असते: "मोलॅरिटी ०.२००/V, जेथे V हे मिलीमधील स्थिर वाचन आहे." त्यापुढे जाऊन V च्या जागी १०.० भरणे म्हणजे प्रश्नात नसलेली माहिती घुसवणे होय. पिपेट १० मिलीची आहे म्हणून ब्युरेटचे वाचनही १० च्या आसपास असेल, हा तर्क पुष्कळदा खरा निघतो, कारण द्रावणे तशी बेतून केलेली असतात. परंतु "आसपास" या शब्दावर मोलॅरिटीचा तिसरा अंक ठरत नाही.

दिलेल्या उत्तरावरून V काढणे, आणि ते कितपत पक्के असते

उत्तर ०.०१९२ M दिले असेल तर V = ०.२००/०.०१९२ = १०.४२ मिली येतो. ही संख्या जशीच्या तशी घ्यायची नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली अशी, की ०.०१९२ हे पूर्णांकन केलेले उत्तर आहे. खरे मूल्य ०.०१९१५ ते ०.०१९२५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. त्यानुसार V १०.३९ ते १०.४४ मिलीच्या दरम्यान येतो. दुसरी गोष्ट अशी, की शाळा-महाविद्यालयांतील नेहमीच्या ब्युरेटवर सर्वांत लहान भाग ०.१ मिलीचा असतो आणि प्रात्यक्षिकातील वाचन बहुतेक वेळा तेवढ्यावरच नोंदवले जाते. १०.३९ ते १०.४४ या पट्ट्यात ०.१ मिलीची एकच रेघ बसते, ती म्हणजे १०.४. उलट तपासून पाहा: १०.३ घेतल्यास मोलॅरिटी ०.०१९४ येते, १०.५ घेतल्यास ०.०१९० येते, आणि १०.४ घेतल्यासच ०.०१९२ येते. म्हणून स्थिर वाचन १०.४ मिली होते असे म्हणायला येथे आधार आहे.

हा आधार उत्तरात किती सार्थ अंक आहेत यावर पूर्णपणे अवलंबून असतो. हेच उत्तर ०.०१९ M असे छापले असते, तर १०.३ पासून १०.८ पर्यंतची सहाही वाचने त्यात बसली असती. ते नुसते ०.०२ M असे दिले असते, तर ८.० पासून १३.३ मिलीपर्यंतचे कोणतेही वाचन चालले असते, आणि त्यावरून V काढणे निरर्थक ठरले असते. म्हणून उलटी आकडेमोड करण्यापूर्वी उत्तराच्या शेवटच्या अंकाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा भाग धरून पट्टा काढावा आणि त्यात ब्युरेटच्या किती रेघा बसतात ते मोजावे. एक बसली तर वाचन मिळाले. अनेक बसल्या तर ते मिळाले नाही, आणि तसे स्पष्ट लिहावे.

एक भेद येथे सांगून ठेवतो. या रीतीने स्थिर वाचन मिळते, तक्ता मिळत नाही. पहिले वाचन ०.० वरून सुरू झाले की १.२ वरून, तिन्ही वेळा १०.४ आले की पहिल्या वेळी १०.५ आणि नंतर दोनदा १०.४, यांतील काहीही त्यावरून ठरत नाही. तिन्हींची सरासरी १०.४३ घेतली असती तरी उत्तर ०.०१९२ च आले असते, हे स्वतः भागाकार करून पाहता येईल. तेव्हा उलटे काढलेले १०.४ घेऊन त्याभोवती तीन ओळींचा तक्ता रचून प्रयोगवहीत भरणे म्हणजे न घेतलेली वाचने घेतली असे दाखवणे आहे. गणितासाठी V पुरतो. वहीसाठी प्रत्यक्ष वाचनेच लागतात.

उलट्या आकडेमोडीने उघड होणाऱ्या चुका

V उलटा काढण्याचा एक अनपेक्षित फायदा असा, की आपल्या मोलच्या हिशेबातील काही चुका त्यात लगेच दिसतात. समजा कोणी २:५ हे प्रमाण उलटे धरले. मग ०.५०० मिलिमोल ऑक्झॅलेटला १.२५ मिलिमोल परमँगनेट लागेल असे येते आणि V सुमारे ६५ मिली निघतो. नेहमीची ब्युरेट ५० मिलीची असते. एका टायट्रेशनसाठी ती मध्येच पुन्हा भरावी लागेल असा प्रयोग कोणी नेमून देत नाही, म्हणून हे वाचन तेथेच बाद होते. पिपेटने १० मिली घेतल्याचे विसरून संपूर्ण २५० मिलीतील १२.५ मिलिमोल धरले, तर V २६० मिली येतो, जे उघडच अशक्य आहे. या दोन चुका स्वतःहून हात वर करतात.

मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांची गल्लतही अशीच पकडता येते. जुन्या पद्धतीच्या प्रश्नांत उत्तर नॉर्मॅलिटीत दिलेले असते आणि एकक फोटोबरोबर गेलेले असू शकते. आम्लधर्मी माध्यमात परमँगनेटची नॉर्मॅलिटी मोलॅरिटीच्या पाचपट असते, म्हणून आपल्याच उदाहरणाचे उत्तर ०.०९६२ N असे छापले गेले असते. एककाशिवायचे ०.०९६२ मोलॅरिटी समजून घेतले, तर V २.०७८ ते २.०८० मिलीच्या पट्ट्यात येतो. या पट्ट्यात ०.१ मिलीची एकही रेघ बसत नाही, आणि शिवाय दोन मिलीचे टायट्रेशन कोणी आखत नाही, कारण एवढ्याशा आकारमानात एका थेंबाची चूकही मोठी ठरते. वाचन अपेक्षेपेक्षा बरोबर पाचपट लहान किंवा मोठे दिसले, की परमँगनेटच्या गणितात पहिला संशय नॉर्मॅलिटीवर घ्यावा.

कधीकधी तक्त्यातील एखादीच संख्या मजकुरात उरलेली असते, उदाहरणार्थ "अखेरचे वाचन २०.८". ती V समजून वापरली तर मोलॅरिटी ०.००९६ येते, म्हणजे छापील उत्तराच्या बरोबर निम्मी. याचे कारण सहज सांगता येते: पहिल्या टायट्रेशननंतर ब्युरेट पुन्हा भरली नाही, दुसरे टायट्रेशन १०.४ वरून सुरू होऊन २०.८ वर संपले, आणि उरलेली संख्या त्या दुसऱ्या ओळीतील अखेरचे वाचन आहे. उत्तर निम्मे किंवा एक तृतीयांश येत असेल, तर फरकाच्या जागी रेघेवरचे साचत गेलेले वाचन वापरले गेले आहे असे समजावे.

उलट्या आकडेमोडीला न दिसणाऱ्या चुका

हा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण V ब्युरेटच्या रेघेवर नीट बसला म्हणजे सर्व बरोबर असा गैरसमज येथेच होतो.

पहिली चूक स्फटिकजलाची. समजा सोडवणाऱ्याने १२६.०७ ऐवजी निर्जल ऑक्झॅलिक आम्लाचे ९०.०३ हे मोलर वस्तुमान घेतले. मग १.५७६ ग्रॅममध्ये ०.०१७५० मोल येतात, १० मिलीमध्ये ०.७०० मिलिमोल येतात, परमँगनेट ०.२८० मिलिमोल लागते, आणि ०.०१९२ या उत्तरावरून V १४.५५ ते १४.६२ च्या पट्ट्यात पडतो. त्यात १४.६ ही रेघ, आणि तीही एकटीच, सुबकपणे बसते. वाचन ब्युरेटच्या आवाक्यात आहे, एकमेव आहे, उलट तपासले तर उत्तरही जुळते, आणि तरीही ते चुकीचे आहे.

येथे काहीजण आणखी एक कसोटी लावतात: प्रमाणित द्रावणाची मोलॅरिटी नीटस यायला हवी, कारण वजन त्या हिशेबानेच घेतलेले असते. कसोटी चांगली आहे, पण नेमकी या पदार्थाच्या बाबतीत ती फसवते. १२६ आणि ९० यांचे गुणोत्तर १.४ आहे, त्यामुळे १२६ ने ०.०५०० M येत असेल तर ९० ने ०.०७०० M येते, आणि दोन्ही संख्या सारख्याच नीटस दिसतात. तेव्हा निर्णय आकड्यांवरून होत नाही, तो मजकुरावरून करावा लागतो. प्रश्नात "स्फटिकी" हा शब्द किंवा ·2H2O हे सूत्र आहे का ते पाहावे. दोन्ही नसतील तर एवढे लक्षात घ्यावे की प्रमाणित द्रावणासाठी डायहायड्रेटच वापरतात. निर्जल ऑक्झॅलिक आम्ल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे ते तोलून नेमके द्रावण करण्याच्या उपयोगाचे नाही.

दुसरी न दिसणारी चूक प्रमाण १:१ धरण्याची. तसे केल्यास ०.५०० मिलिमोलला ०.५०० मिलिमोल परमँगनेट, आणि V सुमारे २६.० मिली येतो. हेही ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये सहज मावते. येथे मजकुरातील एखादे दुय्यम वाक्य कामी येऊ शकते. "ब्युरेट पुन्हा न भरता तिन्ही टायट्रेशन केली" असे कुठे लिहिलेले असेल, तर २६ मिलीची दोन टायट्रेशनच ५२ मिली होतात, म्हणून २६ बाद, १०.४ ची तीन टायट्रेशन ३१.२ मिलीत संपतात. मात्र १४.६ ची तीनही ४३.८ मिलीत बसतात, तेव्हा हे वाक्य प्रमाणाची चूक पकडेल, स्फटिकजलाची पकडणार नाही. प्रत्येक खुणेचा आवाका असा ठरलेला असतो आणि तो ताणू नये.

तिसरा प्रश्न चुकीचा नसून अपुऱ्या माहितीचा आहे, आणि प्रत्यक्षात तो बराच भेटतो. पिपेटचे आकारमान पुष्कळदा मजकुरात नसतेच. ते तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेले असते आणि फोटोबरोबर जाते. मग दोन अज्ञात राहतात आणि संबंध एकच. ०.०५०० M ऑक्झॅलिक आम्ल आणि ०.०१९२ M परमँगनेट यांवरून इतकेच सांगता येते की ब्युरेटचे वाचन पिपेटच्या आकारमानाच्या सुमारे १.०४ पट होते. पिपेट १० मिलीची असेल तर १०.४, २० मिलीची असेल तर २०.८, २५ मिलीची असेल तर २६.०. या तिन्हींतून निवड करायला आकड्यांत काहीही नाही. गंमत अशी, की मघाशी १:१ प्रमाणाच्या चुकीने आलेले २६.० येथे २५ मिलीच्या पिपेटसाठी अगदी बरोबर ठरते, आणि अखेरचे वाचन समजून बाजूला ठेवलेले २०.८ येथे २० मिलीच्या पिपेटचे खरे वाचन असू शकते. म्हणून पिपेट ठाऊक नसताना "२६ आले म्हणजे प्रमाण चुकले" असा निष्कर्षही काढू नये. अशा वेळी उत्तरात गुणोत्तर लिहावे आणि थांबावे.

वाचनाची मर्यादा उत्तरात किती उतरते

V मिळाला की काहीजण कॅल्क्युलेटरवरचे सर्व अंक उतरवतात आणि ०.०१९२३०७ असे लिहितात. १०.४ हे वाचन दोन वाचनांचा फरक आहे. प्रत्येक वाचन ०.०५ मिलीपर्यंत इकडेतिकडे असू शकते असे धरले, तर फरकात जास्तीत जास्त ०.१ मिलीची चूक शिरते, आणि मोलॅरिटी ०.०१९० ते ०.०१९४ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे इतकेच खऱ्या अर्थाने सांगता येते. तिसरा सार्थ अंकच डळमळीत आहे. चौथ्याला आधार नाही. छापील उत्तर ०.०१९२३ असे असेल आणि आपले ०.०१९२ आले, तर त्या फरकाचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. ते केवळ कमी-अधिक पूर्णांकन आहे.

परमँगनेटच्या वाचनाबाबत आणखी एक बारकावा आहे, कारण तो कधी मजकुरात येतो आणि गोंधळ घालतो. द्रावण गडद असल्याने मेनिस्कसचा खालचा वाक दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर घेतात. सुरुवातीचे आणि अखेरचे वाचन दोन्ही वरच्या कडेवर घेतले असतील तर फरकावर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून "वरच्या कडेचे वाचन" या उल्लेखासाठी V मध्ये कोणतीही दुरुस्ती करू नये.

रासायनिक बाजूने एकच सावधगिरी आवश्यक आहे. २:५ हे प्रमाण आम्ल पुरेसे असतानाच लागू असते. आम्ल कमी पडले तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा असतो, आणि तेथे परमँगनेट पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेते. मजकुरात निरीक्षण म्हणून तपकिरी रंग नोंदवलेला असेल, तर त्या टायट्रेशनचे वाचन कितीही नीट असले तरी वरचे सूत्र त्याला लावता येणार नाही. अंत्यबिंदू म्हणजे सुमारे अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा. सुरुवातीचे थेंब सावकाश रंगहीन होतात आणि नंतरचे भराभर, कारण तयार होणारे Mn^2+ हेच अभिक्रियेला वेग देते. म्हणून "पहिला थेंब बराच वेळ गुलाबी राहिला" हा उल्लेख चुकीचे लक्षण मानू नये.

तक्ता मजकुरात कसा उतरवावा

फोटोवर अवलंबून राहायचे नसेल तर तक्ता अक्षरांत टाइप करणे हाच उपाय आहे, आणि त्याला फार जागा लागत नाही. खालील आकडे केवळ मांडणी दाखवण्यासाठी आहेत. वरच्या उदाहरणाचा हरवलेला तक्ता असाच होता असा त्याचा अर्थ नाही.

```
ब्युरेट: KMnO4 (मोलॅरिटी अज्ञात), लघुतम माप ०.१ मिली
पिपेट: १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, ०.०५०० M
क्र.   सुरुवात   अखेर    फरक (मिली)
१      ०.०      १०.५    १०.५
२      १०.५     २०.९    १०.४
३      २०.९     ३१.३    १०.४
स्थिर वाचन: १०.४ मिली
```

यात वरच्या दोन ओळींचे महत्त्व तक्त्याइतकेच आहे. ब्युरेटमध्ये काय होते, पिपेटने काय आणि किती घेतले, आणि ब्युरेटचे लघुतम माप किती, हे त्यांतून कळते. यांपैकी एकही गोष्ट नसली की वर पाहिलेल्या अडचणींपैकी एखादी उभी राहते. तीनही ओळी टाइप करणे शक्य नसेल तर निदान शेवटची ओळ पिपेटच्या ओळीसह लिहावी. स्थिर वाचन म्हणजे सरासरी नव्हे हेही येथे दिसते: १०.५, १०.४, १०.४ यांची सरासरी १०.४३ आहे, पण ज्या दोन वाचनांचा मेळ बसला ते १०.४ गणितात जाते. ज्याला हा तक्ता मिळेल त्याने तिसऱ्या रकान्यातून दुसरा वजा करून चौथा पुन्हा काढून पाहावा, कारण टाइप करताना एखादा अंक चुकला असेल तर तो येथेच सापडतो आणि मोलच्या हिशेबापर्यंत पोहोचत नाही.